‘पडतोय’ एकच, काळ दोन

‘इट इज रेनिंग.’ ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स मॉर्निंग.’ ही दोन वाक्ये मराठीत आणली की पहिले होते ‘पाऊस पडतोय’ आणि दुसरे ‘सकाळपासून पाऊस पडतोय’. क्रियापदात काडीचाही फरक नाही. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत मात्र ‘इज रेनिंग’ आणि ‘हॅज बीन रेनिंग’ या शब्दांखाली रेघ मारून काळ विचारला, तर उत्तरे वेगळी येतात. पहिला चालू वर्तमानकाळ, म्हणजे प्रेझेंट कंटिन्युअस, आणि दुसरा चालू पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस. वाक्याचा अर्थ नेमका कळलेला विद्यार्थीही इथे दोन्हीकडे एकच उत्तर लिहून बसतो, कारण तो काळ शोधतो आपल्या मनातल्या मराठी वाक्यात.

ही सवय जुनी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून मराठी घरांत इंग्रजी शिकले गेले ते भाषांतराच्या वाटेने. ‘तो, ते, तात’ आले की साधा वर्तमानकाळ, ‘त आहे’ आले की चालू, ‘ला आहे’ आले की पूर्ण, अशी सूत्रे अजूनही वर्गात पाठ करून घेतात. पहिल्या काही धड्यांपुरती ती चालतात. पुढे ती फसवतात, कारण आधी सुरू होऊन अजून चाललेली क्रिया मराठी ‘सकाळपासून’ या शब्दावर सोपवते आणि क्रियापद तसेच ठेवते. इंग्रजी ती क्रियापदातच दाखवते.

काळवाचक शब्दांवर भिस्त ठेवली तर चूक उलट्या बाजूने होते. ‘द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स टुमॉरो’ या वाक्यात ‘टुमॉरो’ दिसला की पुष्कळ मुले भविष्यकाळ लिहून मोकळी होतात. रेघ ‘लीव्ज’खाली आहे आणि ‘लीव्ज’ हे साध्या वर्तमानकाळाचे रूप आहे. वेळापत्रकातली गोष्ट इंग्रजी वर्तमानकाळात सांगते. ‘गाडी उद्या सहाला सुटते’ असे आपणही म्हणतोच. प्रश्न घटना कधी घडणार हा नसून रेघेवरच्या शब्दांचे रूप कोणते हा आहे.

मग ते रूप वाचायचे कसे? शाळेत बारा काळ शिकवतात. वर्तमान, भूत आणि भविष्य हे तीन आणि प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण व चालू पूर्ण असे चार प्रकार. बारा नावे बारा नमुन्यांसह पाठ करण्यापेक्षा या जोडनावाचे दोन भाग ओळखणे सोपे जाते. वर्तमान की भूत की भविष्य, हे रेघेवरचा पहिला शब्द सांगतो. ‘इज, आर, हॅज, हॅव, डू, डझ’ यांनी सुरुवात झाली तर वर्तमान. ‘वॉज, वेअर, हॅड, डिड’ असले तर भूत. ‘विल’ किंवा ‘शॅल’ असले तर भविष्य. एकच शब्द असेल तर त्याचे स्वतःचे रूप पाहायचे, जसे ‘लीव्ज’ वर्तमान आणि ‘लेफ्ट’ भूत. साधा, चालू की पूर्ण, हे मात्र त्यापुढच्या शब्दांवरून ठरते.

या शब्दांचा क्रम ठरलेला असतो. आधी ‘विल’, मग ‘हॅव’, मग ‘बी’ आणि शेवटी मुख्य क्रियापद. मधला एखादा शब्द गळेल, पण क्रम उलटत नाही. शिवाय प्रत्येक सहायक क्रियापद आपल्या पुढच्या शब्दावर शिक्का मारते. ‘विल’च्या पुढे क्रियापद मूळ रूपात येते. पूर्ण काळाच्या ‘हॅव’च्या पुढे तिसरे रूप येते. ‘बी’च्या कुळातल्या शब्दापुढे ‘आयएनजी’ लागलेले रूप आले तर चालू काळ, आणि तिसरे रूप आले तर कर्मणी प्रयोग. नोम चॉम्स्की यांनी 1957 मध्ये ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या पुस्तकात सहायक क्रियापदांचा हा क्रम आणि त्यांचे शिक्के एका ओळीच्या सूत्रात बसवले होते. परीक्षेला बसणाऱ्या मुलाला सूत्राची गरज नाही. शब्द डावीकडून उजवीकडे एकेक करून वाचले की झाले.

एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. ‘व्हेन वी रीच्ड द ऑफिस, द पार्सल हॅड ऑलरेडी बीन सेंट.’ रेघ ‘हॅड ऑलरेडी बीन सेंट’ या शब्दांखाली आहे. ‘ऑलरेडी’ हे क्रियाविशेषण आहे, ते बाजूला ठेवायचे. ‘नेव्हर’, ‘जस्ट’, ‘नॉट’ हे शब्दही असेच मध्ये शिरतात आणि त्यांच्यामुळे काळ बदलत नाही. आता उरले ‘हॅड बीन सेंट’. पहिला शब्द ‘हॅड’, म्हणून भूतकाळ. ‘हॅड’ने पुढच्या शब्दावर तिसऱ्या रूपाचा शिक्का मारला आहे, कारण ‘बीन’ हे ‘बी’चे तिसरे रूप. म्हणून पूर्ण. आता ‘बीन’ने कोणता शिक्का मारला ते पाहायचे. पुढे ‘सेंट’ आहे, ‘सेंडिंग’ नाही. म्हणजे चालू काळ नाही, कर्मणी प्रयोग आहे. उत्तर झाले पूर्ण भूतकाळ, म्हणजे पास्ट परफेक्ट. प्रयोगही विचारला असेल तर कर्मणी.

सर्वांत जास्त गुण जातात ते याच जागी. ‘बीन दिसले की चालू पूर्ण’ असे एक ठोकळ सूत्र अनेकांच्या डोक्यात पक्के बसलेले असते, आणि ते अर्धेच खरे आहे. ‘बीन’ पूर्ण काळाची खूण देते. चालू असल्याची खूण त्याच्या पुढच्या शब्दावर असते. ‘दे हॅव बीन रिपेअरिंग द रोड’ हा चालू पूर्ण वर्तमानकाळ. ‘द रोड हॅज बीन रिपेअर्ड’ हा नुसता पूर्ण वर्तमानकाळ. पहिल्या वाक्यात काम अजून सुरू असू शकते, दुसऱ्यात ते झालेले आहे. अर्थाचा हा फरक त्या एका शब्दाच्या शेपटात सामावलेला आहे.

‘बीन’ची सख्खी बहीण ‘बीइंग’. ‘द वॉल इज बीइंग पेंटेड’ या वाक्यात ‘इज’मुळे वर्तमान. ‘इज’ने पुढच्या ‘बी’ला ‘आयएनजी’चा शिक्का मारला, म्हणून चालू. ‘बीइंग’च्या पुढे ‘पेंटेड’ हे तिसरे रूप, म्हणून कर्मणी. भिंत रंगवली जात आहे, काम सुरू आहे. तेच ‘द वॉल हॅज बीन पेंटेड’ म्हटले तर रंग देऊन झाला आहे. घाईत वाचताना या दोन शब्दांची गल्लत होते, तेव्हा डोळा पहिल्या शब्दाकडे न्यावा. ‘इज’च्या लगेच पुढे ‘बीन’ येऊ शकत नाही आणि ‘हॅज’च्या लगेच पुढे ‘बीइंग’.

शिक्क्याचा हा नियम उलटाही वापरता येतो, आणि आखडलेल्या रूपांसाठी त्याचा फार उपयोग होतो. बोलताना ‘ही इज’ आणि ‘ही हॅज’ ही दोन्ही आखडून ‘ही’ज’ होतात, आणि लिहितानाही सारखीच दिसतात. ‘ही’ज गोइंग’मध्ये पुढे ‘आयएनजी’ आहे, म्हणून तो ‘इज’ आणि काळ चालू वर्तमान. ‘ही’ज बीन इल’मध्ये ‘बीन’ आहे, म्हणून तो ‘हॅज’ आणि काळ पूर्ण वर्तमान. ‘ही’ड’ हे ‘हॅड’चेही असते आणि ‘वुड’चेही. पुढे ‘सीन’ आले तर ‘हॅड’, ‘सी’ आले तर ‘वुड’. जिथे पुढचे रूप दोन्हींना चालते, तिथे मात्र वाक्य पुढे वाचावे लागते. ‘ही’ज टेकन द कीज’मध्ये किल्ल्या हे कर्म पुढे आलेले आहे, म्हणून त्याने किल्ल्या नेल्या आहेत. तो ‘हॅज’च.

‘हॅव’ दर वेळी सहायक असतेच असे नाही. ‘शी हॅज अ सायकल’मध्ये तेच मुख्य क्रियापद आहे, पुढे तिसरे रूप नाही, म्हणून साधा वर्तमानकाळ. ‘शी हॅज टू गो’ हाही साधा वर्तमानकाळ, कारण पुढे ‘गॉन’ नसून ‘टू गो’ आहे. ‘शी हॅड हॅड हर लंच’ हे वाक्य पाहून छपाईची चूक वाटते, पण त्यातला पहिला ‘हॅड’ सहायक आहे आणि दुसरा जेवल्याचा अर्थ देणारे तिसरे रूप. उत्तर पूर्ण भूतकाळ.

काही क्रियापदांची तिन्ही रूपे सारखी असतात. ‘शी पुट द बुक ऑन द टेबल’ या वाक्यात ‘पुट’ वर्तमान की भूत? ‘शी’बरोबर वर्तमानकाळात ‘पुट्स’ झाले असते. तो ‘एस’ नाही, म्हणून साधा भूतकाळ. ‘दे पुट द बुक्स ऑन द टेबल’ असे वाक्य असेल तर हा आधार मिळत नाही. तिथे ‘येस्टरडे’ किंवा ‘एव्हरी डे’ असा शब्द शोधावाच लागतो.

भविष्यकाळाबाबत पुस्तकांतच मतभेद आहेत. 1985 मध्ये आलेल्या ‘अ कॉम्प्रिहेन्सिव्ह ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ या मोठ्या व्याकरणग्रंथाने इंग्रजीत रूपाने दिसणारे काळ दोनच मानले, वर्तमान आणि भूत. ‘विल’ तिथे ‘कॅन’ आणि ‘मे’ यांच्या पंगतीत बसते. शालेय परीक्षेत मात्र ‘विल हॅव लेफ्ट’ला पूर्ण भविष्यकाळ असेच म्हणायचे. ‘कंटिन्युअस’ऐवजी एखाद्या पुस्तकात ‘प्रोग्रेसिव्ह’ लिहिलेले दिसले तर गोंधळू नये, ती एकाच प्रकाराची दोन नावे आहेत.

एका ठिकाणी मात्र शब्दांचे रूप पुरत नाही आणि मराठी मदतीला येते. ‘माय ब्रदर इज कलेक्टिंग स्टॅम्प्स’ आणि ‘माय हॉबी इज कलेक्टिंग स्टॅम्प्स’ या दोन्ही वाक्यांत ‘इज कलेक्टिंग’ डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसते. मराठीत म्हणून पाहिले की पहिल्यात भाऊ तिकिटे गोळा ‘करत आहे’ आणि दुसऱ्यात तिकिटे गोळा ‘करणे’ हा छंद आहे. ‘करत’ आले तिथे चालू वर्तमानकाळ. ‘करणे’ आले तिथे ‘कलेक्टिंग’ हे नाम झाले. मग क्रियापद उरले एकटे ‘इज’, आणि काळ साधा वर्तमान.