लांब एसएमएसचे तुकडे आणि त्यांची चुकामूक

लांबलचक एसएमएस लिहून आपण ‘पाठवा’ दाबतो, तेव्हा फोनमधून बहुधा तीन-चार वेगळे मेसेज निघतात. एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी जागा असते फक्त १४० बाइटची. कॉल जोडण्या-तोडण्याच्या सूचना ज्या अरुंद मार्गाने जातात, त्याच मार्गात मधल्या मोकळ्या वेळी हे छोटे निरोप सरकवायचे, अशी जीएसएमची मूळ आखणी होती. ती मर्यादा आजही सुटलेली नाही.

साधं इंग्रजी अक्षर सात बिटांत मावतं, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरं बसतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे दोन बाइट लागतात, म्हणून आपल्या वाट्याला ७० चिन्हं येतात. चिन्हं म्हटलं, अक्षरं नव्हे. मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘मुख्यमंत्री’ हा शब्द आपल्या दृष्टीने चार अक्षरांचा, पण फोनच्या हिशेबी अकरा चिन्हांचा. इंग्रजी मजकुरात एखादंच देवनागरी अक्षर आलं, तरी अख्खा मेसेज सत्तरच्या हिशेबात जातो.

समजा, आपला मराठी मेसेज १५० चिन्हांचा आहे. सत्तर, सत्तर आणि दहा असे तुकडे व्हायला हवेत, पण होतात ६७, ६७ आणि १६. कारण प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला फोन सहा बाइटची एक पट्टी लावतो आणि तेवढी, म्हणजे तीन चिन्हांची, जागा मजकुरातून जाते. तीन तुकड्यांच्या पट्ट्या अशा दिसतील:

```
05 00 03 5A 03 01
05 00 03 5A 03 02
05 00 03 5A 03 03
```

पहिले तीन आकडे सांगतात, की पुढे जोडणीची माहिती आहे. 5A हा या मेसेजचा क्रमांक, तिन्ही तुकड्यांना एकच. त्यानंतर एकूण तुकडे किती आणि शेवटी हा कितवा. ही पट्टी वाचायची असते घेणाऱ्या फोनने. नेटवर्कच्या दृष्टीने हे तीन सुटे मेसेज असतात. त्यांचा क्रम राखण्याची हमी कोणी घेतलेली नसते.

आता हा मेसेज बोरघाटातून जाणाऱ्या गाडीतल्या माणसाला पाठवलेला आहे असं धरू. कंपनीचं एसएमएस केंद्र आधी मेसेज स्वतःकडे साठवतं, मग फोनकडे धाडतं आणि पोचपावतीची वाट पाहतं. पहिला तुकडा गेला, पावती आली. दुसरा निघाला आणि गाडी बोगद्यात शिरली. पावती नाही, म्हणून केंद्राने तो पुन्हा प्रयत्न करण्यासाठी बाजूला ठेवला. तिसरा तुकडा केंद्रातल्या दुसऱ्याच यंत्राच्या रांगेत होता. गाडी बाहेर येताच तो पोचला. दुसऱ्याची पाळी त्यानंतर आली. क्रम झाला एक, तीन, दोन. बँका आणि कंपन्यांचे मेसेज तर एकाच वेळी अनेक जोडण्यांवरून सोडले जातात, त्यामुळे तिथे रेंज उत्तम असूनही हे घडू शकतं.

बरेच फोन अशा वेळी आलेले तुकडे गुपचूप बाळगून ठेवतात आणि शेवटचा मिळाल्यावर मेसेज सलग दाखवतात. बोगद्यात मेसेज पोचला होता, फक्त पावती हरवली, असं असेल तर दुसरा तुकडा दोनदा येतो. क्रमांक तोच असल्यामुळे जादा प्रत टाकून देता येते.

फोनला किंवा मधल्या एखाद्या यंत्रणेला पट्टी हाताळता आली नाही, की गोंधळ उघडा पडतो. मग तुकडे आले त्या क्रमाने सुटे दिसतात, कधी सुरुवातीला निरर्थक चिन्हांसह. मराठीत हे चटकन ओळखू येतं. सदुसष्टावं चिन्ह कुठे संपेल याचा नेम नसल्यामुळे जोडाक्षर मधोमध तुटतं आणि पुढचा तुकडा ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला लटकलेल्या मात्रेने सुरू होतो.

जोडताना फोन पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर आणि मेसेजचा क्रमांक, दोन्ही जुळवतो. तुकडे वेगवेगळ्या मार्गांनी गेले आणि वाटेत एकावरचं पाठवणाऱ्याचं नाव बदललं, तर ते कधीच एकत्र येत नाहीत. क्रमांकाची अडचण आणखी नाजूक. तो एका बाइटचा, म्हणजे ० ते २५५. दिवसाला हजारो मेसेज सोडणाऱ्या यंत्रणेत तेच आकडे पुन्हा पुन्हा फिरतात. जुन्या मेसेजचा तुकडा हरवून बाकीचे फोनमध्ये अडकून पडले असतील, तर त्याच क्रमांकाच्या नव्या मेसेजशी त्यांची सांगड बसू शकते. म्हणून दोन बाइटच्या क्रमांकाचीही सोय प्रमाणात आहे. ती घेतली की प्रत्येक तुकड्यात ६७ ऐवजी ६६ चिन्हं उरतात.

एक तुकडा मुदतीत पोचलाच नाही, तर केंद्र तो सोडून देतं. बाकीचे घेणाऱ्याच्या फोनमध्ये असतात, पण अनेक फोन अर्धवट मेसेज दाखवतच नाहीत. पैसे मात्र सहसा तुकड्यांच्या संख्येनुसार मोजले जातात, म्हणजे पाठवणाऱ्याच्या खात्यात तीन एसएमएस लागलेले आणि घेणाऱ्याच्या पडद्यावर एकही नाही.