पाच शब्दांचा मथळा: व्हिएतनामीतून मराठीत

वर्तमानपत्राच्या मथळ्यात जागा कमी असते, म्हणून प्रत्येक भाषा काहीतरी गाळते. मराठीत आपण ‘आहे’, ‘झाली’ गाळतो आणि ‘चोरट्यास अटक’ एवढंच लिहितो. व्हिएतनामी मथळा याहून जास्त गाळतो. त्याचं भाषांतर करताना गाळलेलं नेमकं काय आहे, हे आधी ओळखावं लागतं.

एक नेहमीच्या धाटणीचा मथळा घेऊ. व्हिएतनामी भाषा रोमन अक्षरांत लिहितात आणि अक्षरांवरच्या काही खुणा स्वर चढवायचा की उतरवायचा हे सांगतात. आपण इथे फक्त उच्चार देवनागरीत लिहू:

बात ङी फाम कुअप तिएम वांग

आता शब्द सोडवू. व्हिएतनामीत प्रत्येक अक्षरसमूह सुटा लिहितात, त्यामुळे एक शब्द कुठे संपतो ते आपल्यालाच शोधावं लागतं.

- बात: पकडणे, अटक करणे
- ङी फाम: संशयित (दोन तुकडे, पण शब्द एकच)
- कुअप: लुटणे
- तिएम वांग: दुकान + सोनं, म्हणजे सराफी दुकान

‘दुकान’ आधी आणि ‘सोनं’ नंतर, हे पाहिलंत ना? व्हिएतनामीत वर्णन करणारा शब्द मागून येतो. म्हणून ‘कुअप तिएम वांग’ हे शब्द ‘संशयित’चं वर्णन करतात: सराफी दुकान लुटल्याचा संशय असलेली व्यक्ती.

आता काय गाळलंय ते बघू. कोणी पकडलं, हे लिहिलेलं नाही. कधी पकडलं, तेही नाही, कारण भूतकाळ दाखवणारा ‘दा’ हा शब्द मथळ्यात बहुतेक वेळा गाळतात. संशयित एक की अनेक, पुरुष की स्त्री, हेही कळत नाही, कारण व्हिएतनामी नाम एकवचन-अनेकवचनात बदलत नाही आणि क्रियापद लिंगानुसार बदलत नाही.

अशा मथळ्याचं एखादा घाईत असं भाषांतर करेल:

‘सराफी दुकानावर दरोडा टाकणारा अखेर पोलिसांच्या जाळ्यात’

वाचायला झकास, पण यात चार चुका आहेत. ‘टाकणारा’ म्हटल्यावर संशय गेला आणि गुन्हा सिद्धच झाला. ‘ङी’ म्हणजे संशय. तो शब्द भाषांतरात राहायलाच हवा. ‘अखेर’ हे मूळ मथळ्यात नाही, ते भाषांतर करणाऱ्याचं मत आहे. ‘पोलिस’ हा अंदाज आहे. बातमीत तसं असेल तरच लिहायचं. चौथी चूक ‘दरोडा’ या शब्दात लपली आहे. भारतीय कायद्यात दरोडा म्हणायला पाच किंवा जास्त माणसं लागतात. ‘कुअप’मध्ये असा आकडा नाही, म्हणून ‘लूट’ बरी.

आता नीट लिहू:

‘सराफी दुकान लूट प्रकरणी संशयित अटकेत’

इथे मराठी आपल्याला मदत करते. ‘संशयित’ एक असो वा तीन, रूप तेच राहतं. ‘अटकेत’ म्हटल्यावर क्रियापद लागत नाही, म्हणून लिंगाचा प्रश्नही येत नाही. इंग्रजीत मात्र ‘सस्पेक्ट’ की ‘सस्पेक्ट्स’ हे ठरवावंच लागतं. तेव्हा बातमीचा पहिला परिच्छेद उघडून माणसं मोजायची, अंदाज करायचा नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. काही छोटे शब्द घटना चांगली की वाईट ते सांगतात. ‘होक सिन दुअक ङी होक’ म्हणजे ‘विद्यार्थ्यांना शाळेतून सुट्टी मिळाली’. ‘दुअक’च्या जागी ‘फाय’ आला, तर ‘विद्यार्थ्यांना शाळा बुडवावी लागली’. आपल्या ‘मिळणे’ आणि ‘लागणे’ यांत असाच फरक आहे, त्यामुळे इथे मराठी भाषांतर सहज बसतं. इंग्रजीत दोन्हींचं ‘स्कूल्स क्लोज्ड’ केलंत, तर हा फरक हरवतो.

पण ‘बि’ हा तिसरा शब्द जपून वापरा. नको असलेली गोष्ट कोणाच्या वाट्याला आली, की तो येतो. ‘बि बात’ म्हणजे साधं ‘अटक झाली’. त्यात ‘बिचाऱ्याला’ असं काही नसतं. अटक कोणालाच आवडत नाही, म्हणून भाषा तो शब्द वापरते. पत्रकार त्या माणसाची बाजू घेत नसतो.

करून पाहा

मथळा: चाय न्या, ङी दो चाप दिएन
शब्द: चाय = जळणे, न्या = घर, ङी = संशय, दो = मुळे, चाप दिएन = शॉर्टसर्किट

१. ‘शॉर्टसर्किटमुळे घर खाक’ या भाषांतरात काय गळलं? काय जास्तीचं आलं?
२. मथळा मराठीत पुन्हा लिहा. ‘ङी’ कुठे ठेवलात, ते अधोरेखित करा.
३. घर एक की अनेक, हे मथळ्यावरून कळतं का? कळत नसेल तर काय कराल?