बायोतली लिंक: दाबली किती, पोचली किती?

दिवाळीच्या सुमारास वरूड-मोर्शीकडच्या आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड सुरू होते आणि इन्स्टाग्रामवर संत्र्याचे रील्सही दिसू लागतात. झाडावरून तोडलेलं फळ, भरलेली क्रेट, आणि शेवटी ठरलेलं वाक्य : ‘लिंक बायोत हाये, दाबा अन् मागवा.’ चिखलदऱ्याची कॉफी, अकोल्यातली घरगुती मसाल्यांची दुकानं, अमरावतीचे कपड्यांचे व्यापारी, सगळे हेच म्हणतात. त्या एका ओळीच्या लिंकवर वऱ्हाडात आता बरीच उलाढाल चालते, पण ती दाबल्यावर नेमकं काय होतं आणि दाबणारे मोजले कसे जातात हे विचारलं की बहुतेक दुकानदार भाच्याकडे बोट दाखवतात.

लिंक बायोतच का, याचं उत्तर साधं आहे. इन्स्टाग्रामवर पोस्टच्या मजकुरात पत्ता लिहिला तर तो नुसती अक्षरं म्हणून उरतो, दाबता येत नाही. माणूस ॲपमधून बाहेर जाऊ नये, हा त्यात कंपनीचा उघड फायदा. प्रोफाइलवर मात्र एक पत्ता देण्याची मुभा होती. एकाच पत्त्यात दहा गोष्टी बसवायच्या म्हणून २०१६ मध्ये मेलबर्नच्या लिंकट्रीने एक युक्ती चालवली : बायोत एकच पत्ता द्यायचा, तो उघडला की बटणांचं छोटं पान, आणि प्रत्येक बटण वेगळ्या ठिकाणी नेणार. स्टोरीतून बाहेर नेणारी सोय आधी फक्त मोठ्या खात्यांना होती. २०२१ मध्ये लिंक स्टिकर आलं आणि ती सगळ्यांना मिळाली. एप्रिल २०२३ पासून बायोत पाच लिंका देता येतात, तरी बटणांचं पान अजून टिकून आहे. त्याचं मोठं कारण मोजणी. ते पान कोणतं बटण किती वेळा दाबलं हे दाखवतं.

आता दाबण्याकडे येऊ. बोट लागताच पहिली नोंद इन्स्टाग्राम स्वतः करतं. व्यावसायिक किंवा क्रिएटर खातं असेल तर इनसाइट्समध्ये ती बाह्य लिंकवरच्या टॅपची संख्या म्हणून दिसते. हा आकडा बोटांचा आहे, माणसांचा नाही. एकाने तीनदा दाबलं तर तीन टॅप. मग पत्ता थेट उघडत नाही. तो आधी `l.instagram.com` या मधल्या दाराशी जातो. तिथे पत्ता धोकादायक तर नाही ना हे तपासलं जातं, आणि पुढे खरं पान ॲपच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं. पुढच्या संकेतस्थळाला पाहुणा कुठून आला हे कळतं ते या दारामुळे. अहवालात `l.instagram.com` दिसलं की घाबरू नये, ती घुसखोरी नव्हे.

दुसरी नोंद बटणांच्या पानावर होते, तिसरी संकेतस्थळावर. गुगल ॲनालिटिक्ससारखं साधन पानात लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामने मोजतं, आणि तो प्रोग्राम पान उघडून चालू झाला तरच मोजतं. मेळघाटाच्या कडेला नेट अडखळलं आणि माणसाने कंटाळून मागे जाण्याचं बटण दाबलं, तर टॅप नोंदला गेला, भेट नोंदली गेली नाही. शिवाय ॲनालिटिक्स भेट मोजतं ती सेशनमध्ये. त्याच माणसाने अर्ध्या तासाच्या आत पुन्हा दाबलं तर नेहमीच्या सेटिंगमध्ये ते एकच सेशन धरलं जातं. तिथे टॅप दोन, भेट एक.

एक नमुना हिशेब मांडू. आकडे कल्पित आहेत, पण घोळ खरा. समजा एका बागायतदाराच्या बायोवर आठवड्यात १२० टॅप पडले. बटणांचं पान १०९ वेळा उघडलं, म्हणजे ११ टॅप वाटेतच गळाले. ‘व्हॉट्सॲपवर मागवा’ हे बटण ६२ वेळा दाबलं गेलं, ‘बाग पाहा’ हे ३० वेळा. व्हॉट्सॲपवर प्रत्यक्ष निरोप आले ३४ आणि पेट्या गेल्या ९. बागायतदार म्हणतो, ‘१२० गिऱ्हाईक आले.’ तसं नाही. मोठी गळती ६२ ते ३४ मध्ये आहे : बटण व्हॉट्सॲप उघडून देतं, पण ‘पाठवा’ माणसालाच दाबावं लागतं. तयार लिहिलेला निरोप नसेल, तर ‘आता काय लिहू?’ इथेच बरेच जण थांबतात.

म्हणून व्हॉट्सॲपच्या पत्त्याला `text` जोडावं. ते दोन कामं करतं.

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Santra%20BIO
```

`91XXXXXXXXXX` च्या जागी आपला क्रमांक, देशाच्या कोडासकट. हा पत्ता उघडला की निरोपाच्या चौकटीत ‘Santra BIO’ आधीच लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकाने पाठवलं की बायोतून आलेली मागणी आपोआप ओळखता येते, कारण स्टोरीच्या पत्त्यात आपण ‘Santra STORY’ ठेवलेलं असतं. मराठीही लिहिता येतं, पण पत्त्यात देवनागरीचं एकेक अक्षर नऊ-नऊ चिन्हांचं होतं आणि पत्ता शेपटासारखा लांबतो. म्हणून इथे रोमन अक्षरं सोयीची.

संकेतस्थळाच्या पत्त्याला अशीच खूण लावतात. ती पद्धत अर्चिन या जुन्या साधनातून आली, २००५ मध्ये गुगलने ते विकत घेतलं, आणि आजही खुणांच्या नावात ‘यूटीएम’ म्हणून ते अर्चिन दडलेलं आहे.

```
https://example.com/?utm_source=instagram&utm_medium=bio&utm_campaign=ambia
```

कुठून आला, कशावरून आला, कोणत्या मोहिमेतून आला, या तीन खुणा. लहान-मोठी अक्षरं सांभाळावीत. एकदा `Instagram` आणि एकदा `instagram` लिहिलं तर अहवालात दोन वेगळ्या ओळी होतात आणि एकच गिऱ्हाईक दोन गटांत विभागलं जातं.

खुणेत एक फसगत हमखास होते. कुणी बागेचं पान उघडतो, पत्ता उचलून अकोल्याच्या आपल्या नातेवाइकांच्या गटात टाकतो. खूण त्या पत्त्यासोबतच गेलेली असते. आता व्हॉट्सॲपवरून आलेले वीस जणही ‘बायोतून आलेले’ म्हणून मोजले जातात. ओळखायचं कसं? त्या दिवशी ॲनालिटिक्सची बायोची भेट उसळलेली असेल आणि इन्स्टाग्रामच्या टॅपचा आकडा मात्र नेहमीसारखाच असेल, तर ती उसळी बायोची नव्हे. शहरांची यादी बघून निकाल लावू नये. मोबाइलच्या नेटचा पत्ता अमरावतीतल्या माणसाला बऱ्याचदा मुंबई किंवा पुण्याचा दाखवतो.

उलटी फसगतही होते. इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरची आणि फोनमधल्या क्रोमची कुकी वेगळी असते. बाईंनी दुपारी बायोतून पान पाहिलं, रात्री यजमानांशी बोलून क्रोममध्ये पत्ता टाकून खरेदी केली. ॲनालिटिक्स त्यांना नवी पाहुणी समजतं, आणि विक्री ‘थेट आलेली’ म्हणून लिहितं. बायोच्या खात्यावर त्या विक्रीचं श्रेय पडत नाही. माझ्या मते लहान विक्रेत्यांची हीच सर्वांत मोठी न दिसणारी तूट आहे, आणि कोणतंही फुकट साधन ती पूर्ण भरून देत नाही. ‘कुठे पाहिलंत?’ हे फोनवर विचारणं एवढाच त्यावर खात्रीचा उपाय.

एखादा जाहिरातवाला ‘महिन्याला ५०० क्लिक’ असं सांगून पैसे मागत असेल तर तीन प्रश्न विचारा. टॅप की भेट? कुणाच्या अहवालातून? आणि त्यातले निरोप किती? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पैसे देऊ नका.