'औक्षवंत हो' स्पॅनिशमध्ये कसे म्हणावे?

अंबड-घनसावंगीकडच्या घरात नातू पाया पडला की आजी चटकन म्हणते, "औक्षवंत हो, बाबा." आता समजा, नातवाच्या माद्रिदच्या मित्राचा वाढदिवस आहे आणि आजीचा हा आशीर्वाद त्याला चिठ्ठीतून कळवायचा आहे. तुम्ही तो कसा लिहाल?

शब्दकोशात 'दीर्घायुष्य' पाहिलेत तर 'लार्गा बिदा' सापडेल. शब्द खरा, पण त्याला राजाच्या जयजयकाराचा वास येतो. 'देव तुला पुष्कळ वर्षे राखो' असे शब्दशः लिहिले तर आणखीच गंमत. तसले वाक्य जुन्या स्पॅनिश सरकारी पत्रांच्या शेवटी ठरीव म्हणून लिहीत. मित्राला वाटायचे, तहसील कचेरीतून खलिता आला!

स्पॅनिश घरांत वाढदिवसाला म्हणतात, "के कुम्प्लास मुचोस मास." 'के' म्हणजे 'असे होवो की', 'कुम्प्लास' म्हणजे 'तू पुरी करावीस', 'मुचोस मास' म्हणजे 'आणखी पुष्कळ'. काय पुरी करावीस? अर्थात वर्षे. पण हा शब्द वाक्यात नाहीच. तिकडे वाढदिवसालाच 'कुम्प्लेआन्योस', म्हणजे 'वर्षे पुरी करणे', म्हणतात, त्यामुळे न बोलता समजते. गाळलेला 'आन्योस' पुल्लिंगी, म्हणून 'मुचोस'. 'मुचास' म्हटले की ऐकणारा थबकलाच. शब्द गाळल्याचा एक फायदाही आहे. 'आन्योस' लिहिताना त्यातल्या अक्षरावरची नागमोडी रेघ राहिली, तर चारचौघांत न बोलण्याजोगा शब्द तयार होतो.

खरी मेख क्रियापदात आहे. 'कुम्प्लेस' म्हणजे 'तू पुरी करतोस', ही नुसती माहिती झाली. 'कुम्प्लास' म्हटले की इच्छा झाली. आपण 'लाभते'चे 'लाभो' करतो ना, तसेच हे, एका स्वराचे काम. वडीलधाऱ्यांना 'के कुम्प्ला', पुष्कळांना 'के कुम्प्लान' म्हणावे.

मात्र आपला आशीर्वाद थोरांकडून धाकट्यांकडे उतरतो, नि पाया पडताना कोणत्याही दिवशी मिळतो. स्पॅनिश वाक्य नातूही आजीला म्हणू शकतो, पण ते वाढदिवसाचे. शिंकेला तिकडे 'सालूद', म्हणजे 'आरोग्य', म्हणतात. नाव काढताच माणूस दारात उभा राहिला, तर आपण म्हणतो, "शंभर वर्षे आयुष्य आहे तुला." तिथे स्पॅनिश माणूस रोमच्या राजाचे नाव घेतो. त्यात आयुष्याचा उल्लेखही नसतो, म्हणून ते वाक्य इथे जोडू नका.

आजीच्या चिठ्ठीत तेव्हा एवढेच पुरे : "के कुम्प्लास मुचोस मास. आजी." स्पेनमध्ये याला एक जुने उत्तर आहे, तेही तिला सांगून ठेवा. मित्र मानाने उलट लिहील, "इ उस्तेद के लो बेआ", म्हणजे 'आणि ते पाहायला तुम्ही असा.'