सोनेरी तलवारीपेक्षा करडी तलवार भारी का?

2000 साली आलेल्या ‘डायब्लो 2’ या गेममध्ये मेलेल्या राक्षसाच्या अंगातून पडणाऱ्या शस्त्राचा दर्जा त्याच्या नावाच्या रंगावरून ओळखतात. साधं शस्त्र पांढरं. निळ्याला जास्तीत जास्त दोन जादुई गुण, पिवळ्याला सहापर्यंत. हिरवं संचातलं, सोनेरी एकमेवाद्वितीय. कोणता गुण येईल आणि त्याचा आकडा किती असेल, हे नशीब ठरवतं. त्यामुळे नवा खेळाडू रंगामागे धावतो आणि सोनेरी काही दिसलं की हातातलं टाकून देतो. तिथेच तो चुकतो, कारण शस्त्र किती दुर्मिळ आहे एवढंच रंग सांगतो. ते तुमच्या पात्राच्या कामाचं आहे का, हे तो सांगत नाही.

सॉर्सरेसचंच घ्या. ती मंत्र फेकते, आणि तलवारीचा घाव कितीही मोठा असला तरी मंत्राच्या ताकदीत भर पडत नाही. तिला हवी असते कौशल्यांची पातळी आणि मंत्र फेकण्याचा वेग. हे दोन्ही तिला चार भोकांच्या साध्या करड्या तलवारीत मिळतं. ताल, थुल, ओर्ट, आम्न हे रुन याच क्रमाने बसवले की ‘स्पिरिट’ तयार होतं. त्यातून सगळी कौशल्यं दोनने वाढतात आणि मंत्राचा वेग 25 ते 35 टक्के वाढतो. नेमका किती, ते रुन बसवतानाच ठरतं.

आता खरी गंमत. गेम सेकंदाला 25 फ्रेम चालतो आणि मंत्राला लागणारा वेळ पूर्ण फ्रेममध्येच मोजला जातो. म्हणून वेग थोडा थोडा वाढत नाही, पायरीपायरीने वाढतो. सॉर्सरेसच्या बहुतेक मंत्रांसाठी 63 टक्क्यांना 9 फ्रेम लागतात, 105 ला 8. मधले 64 ते 104 हे सगळे आकडे 63 इतकेच कामाचे.

समजा, दोन अंगठ्यांतून 20 आणि कमरपट्ट्यातून 20 टक्के आले. मग तलवार आणि ढाल, दोन्हींतल्या स्पिरिटने मिळून 65 द्यायला हवेत. 30 आणि 35 असले तरी पुरे. दोन्ही 30 निघाले तर एकूण 100 होतात, आणि ती पायरी हुकते. उलट दोन्हीकडे 35 मिळाले तर वरचे पाच टक्के वाया जातात. म्हणजे आधीच 30 ची तलवार आणि 35 ची ढाल असणाऱ्याने नवी तलवार घडवत बसणं व्यर्थ आहे. एखाद्या अंगठीत वेग नसेल, तेव्हा मात्र दोन्हीकडे 35 असूनही पायरी गाठता येत नाही.

तेव्हा शस्त्र उचलण्याआधी आपल्या पात्राची पुढची पायरी कोणती ते बघा, सगळ्या साहित्याची बेरीज करा, आणि मगच रंगाकडे नजर टाका.