सात लाखांचा स्कोअर आणि अडखळणारा फोन

पंधरा ते पंचवीस हजारांच्या फोनची जाहिरात पाहिली, की किमतीइतकाच मोठा आणखी एक आकडा दिसतो, तो म्हणजे अंतुतू स्कोअर. सात लाखवाला फोन सहा लाखवाल्यापेक्षा वेगवान, असा सरळ हिशोब आपण करतो. पण हा आकडा बेरजेचा आहे. एकूण टक्क्यांवरून पोराचं गणित कसं आहे ते कळत नाही, तशातलीच ही गत.

अंतुतूची बेरीज चार भागांची असते. मुख्य प्रोसेसर म्हणजे सीपीयू, चित्रं रंगवणारा जीपीयू, मेमरी आणि वापराचा अनुभव. आता समजा, एका फोनला सात लाख मिळाले. त्यात सीपीयूचे २,१०,०००, जीपीयूचे २,४०,०००, मेमरीचे १,३०,००० आणि उरलेले १,२०,००० अनुभवाचे. दुसऱ्याला सहा लाखच, पण सीपीयूचे २,०५,०००, जीपीयूचे १,१५,०००, मेमरीचे १,६०,००० आणि अनुभवाचे तेवढेच १,२०,०००. दुसरा एक लाखाने मागे पडला तो निव्वळ जीपीयूमुळे, आणि जीपीयूचा कस लागतो तो मुख्यतः थ्रीडी गेममध्ये. ज्याला व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, रेल्वेचं तिकीट आणि फोटो एवढंच करायचंय, त्याला हा सहा लाखवालाच जास्त चपळ वाटण्याची शक्यता आहे.

असं का, हे कळायला एखादं अ‍ॅप उघडताना काय होतं ते पाहू. भाजीवाल्यासमोर उभं राहून तुम्ही पैसे देण्याचं अ‍ॅप उघडता. फोन स्टोरेजमधून शेकडो लहान लहान तुकडे वाचतो, ते रॅममध्ये आणतो आणि पडदा मांडतो. यातलं बरंचसं काम एकामागून एक होणारं असतं. म्हणजे आठ कोअर असले तरी ओझं पडतं एका-दोघांवर. स्नॅपड्रॅगन ६९५ हा एकेकाळी या किमतीत सर्रास दिसणारा प्रोसेसर घ्या. त्याच्या आठांपैकी दोनच कोअर दणकट, बाकीचे सहा वीज वाचवणारे. म्हणून गीकबेंचचे आकडे पाहताना मल्टी-कोअरपेक्षा सिंगल-कोअरवर आधी नजर टाकावी. रोजच्या चपळाईशी त्याचं नातं जास्त जवळचं आहे.

तरीही खरी गोम बहुतेकदा स्टोरेजमध्ये असते. स्वस्त फोनांत अजूनही ईएमएमसी ५.१ असतं. ते एका वेळी एक तर वाचतं, नाही तर लिहितं. यूएफएस दोन्ही कामं एकाच वेळी करू शकतं. सलग वाचनात ईएमएमसी सेकंदाला साधारण अडीचशे ते तीनशे एमबी देतं, यूएफएस २.२ हजाराच्या आसपास, तर यूएफएस ३.१ दोन हजारांच्या पुढे. मागे अ‍ॅप अपडेट होत असताना फोन गचके खातो, गॅलरी उघडायला वेळ घेते, स्टोरेज भरत आलं की सगळंच मंदावतं, ही लक्षणं दिसली तर संशय आधी स्टोरेजवर घ्यावा. बॉक्सवर ‘१२८ जीबी’ ठळक लिहितात. ते कोणतं, हे बहुधा कंपनीच्या तपशीलवार यादीतच शोधावं लागतं. आणि ‘८ अधिक ८ जीबी रॅम’ या जाहिरातीतले दुसरे ८ म्हणजे याच स्टोरेजचा उसना घेतलेला तुकडा. खऱ्या रॅमची सर त्याला नाही.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. स्कोअर काही मिनिटांत, बहुधा थंड खोलीत काढलेला असतो. फोनला पंखा नसतो. तापला की तो आपला वेग आपणच कमी करतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला स्कूटरवर नकाशा लावून फिरणाऱ्याच्या फोनला तो स्कोअर लागू पडत नाही. यासाठी थ्रीडीमार्कची स्ट्रेस टेस्ट पाहावी. तीत एकच चाचणी लागोपाठ वीस वेळा चालते आणि शेवटी स्थिरतेची टक्केवारी येते. पन्नास टक्के आली, तर सर्वात खराब फेरीत फोन निम्म्यावर आला असं समजायचं.

शिवाय कोणतं अ‍ॅप चालू आहे, हे फोनला कळतं. २०२१मध्ये वनप्लस ९ मालिकेचे फोन क्रोमसारख्या लोकप्रिय अ‍ॅप्सना पूर्ण वेग देत नाहीत आणि बेंचमार्कला मात्र देतात, असं आनंदटेकने दाखवून दिलं. बॅटरी वाचावी आणि फोन तापू नये म्हणून हे केल्याचं कंपनीचं म्हणणं होतं. हेतू चुकीचा म्हणता येणार नाही, पण मग स्कोअर कशाचा मोजला? गीकबेंचने ते फोन आपल्या यादीतून काढून टाकले. ते फोन महागडे होते, तरी आकड्यावर किती भिस्त ठेवायची ते त्यावरून कळतं.

दोन फोनांच्या स्कोअरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांचाच फरक असेल आणि तुम्ही गेम खेळत नसाल, तर तो फरक खुशाल सोडून द्या. त्याऐवजी यूएफएस ३.१ आणि खरी ८ जीबी रॅम ज्यात आहे तो फोन घ्या. दुकानातल्या डेमो फोनवर आठ-दहा अ‍ॅप्स पाठोपाठ उघडा, मग पहिल्यावर परत या. ते होतं तिथूनच सुरू झालं तर ठीक. पुन्हा पहिल्यापासून उघडू लागलं, तर सात लाखांचा स्कोअर असला तरी तो फोन तिथेच ठेवा.