फोनवर थांबलेल्या माणसाला दिवाळीच्या शुभेच्छा

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मिक्सर बंद पडतो, घरात फराळाचा पसारा असतो आणि बाई ग्राहक सेवेचा नंबर लावतात. तिकडे रांग असते. त्या दोन-तीन मिनिटांत फोनवर जे ऐकू येतं ते लिहिण्याचं काम मी करते. 2025च्या दिवाळीत घरगुती उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका सेवेसाठी लिहिलेल्या निवेदनाची ही गोष्ट आहे.

पहिला मसुदा मालकांनी पाठवला होता. ‘आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे’ अशी त्याची सुरुवात होती. मग प्रकाशाच्या उत्सवावर तीन वाक्यं, त्यानंतर वीस टक्के सूट, आणि अगदी शेवटी ‘सूट फक्त मजुरीवर, सुट्या भागांवर नाही’. एकूण 50 सेकंद.

रांगेतल्या निवेदनाचा मोठा गुण म्हणा किंवा दोष, ते कुठेही तुटतं. प्रतिनिधी मोकळा झाला की वाक्य अर्ध्यात थांबतं. या मसुद्यात ते 40व्या सेकंदाला तुटलं असतं, तर बाईंच्या कानात ‘वीस टक्के सूट’ एवढंच राहिलं असतं. मग घरी आलेल्या कारागिराशी जारच्या पात्यांच्या किमतीवरून वाद ठरलेला. म्हणून अट आधी आणि सूट नंतर, हा माझा पहिला नियम. नवी मशीन विकायची जाहिरातही मी काढायला लावली. ज्याचं जुनं यंत्र आत्ता बंद पडलंय, त्याला ती टोचते.

दुसरी अडचण आवाजाची. जुन्या पद्धतीच्या फोनलाइनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पोचतो. ‘स’चा सरसर आवाज बराचसा त्याच्या वर असतो, तो गळून जातो. त्यामुळे ‘साठ’चं ‘आठ’ होऊ शकतं. ‘सात’ आणि ‘साठ’ तर समोरासमोर बोलतानाही आपण पुन्हा विचारतो. ‘वीस’ आणि ‘तीस’चंही तेच, त्यात शेजारी कढईचा आवाज. आकडा मोठ्याने म्हणून हे सुटत नाही. तोच हिशेब दुसऱ्या शब्दांत सांगावा लागतो. शेवटी निवेदन असं झालं:

‘नमस्कार, दिवाळीच्या शुभेच्छा! आमची सगळी माणसं आत्ता दुसऱ्या ग्राहकांशी बोलताहेत. तुमचा फोन रांगेत आहे, सुरू ठेवा. तोवर बिल किंवा वॉरंटी कार्ड जवळ घेऊन ठेवा. सुट्या भागांची किंमत सोडून, दुरुस्तीच्या मजुरीत वीस टक्के सूट आहे. म्हणजे मजुरी पाचशे झाली, तर चारशेच द्या. ही सवलत भाऊबीजेपर्यंत, गुरुवार तेवीस ऑक्टोबरपर्यंत.’

शांतपणे वाचलं तर हे अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं. नुसतं ‘भाऊबीजेपर्यंत’ पुरत नाही, कारण तिथी दर वर्षी सरकते. नुसती तारीखही पुरत नाही, कारण त्या आठवड्यात घरातलं कॅलेंडर सणांनी चालतं. आकडे मी संहितेत नेहमी अक्षरांत लिहिते. ‘23’ असं दिसलं की आवाज देणारी व्यक्ती कधी इंग्रजीत वाचून जाते.

हे निवेदन एकदाच वाजवायचं. दर वेळी संगीत थांबून माणसाचा आवाज आला की ऐकणाऱ्याला वाटतं, फोन उचलला. तो ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो आणि पुन्हा तेच शब्द. तीनदा असं झालं की शुभेच्छाही नकोशा होतात. म्हणून पुढच्या फेरीला, मिनिटभराने, फक्त ‘तुमचा फोन रांगेतच आहे’ एवढं छोटं वाक्य.

मधल्या वेळेत मालकांना आरती हवी होती. मी नको म्हटलं. आरती मध्येच तुटलेली आपल्याकडे कुणाला रुचत नाही आणि इथे ती तुटणारच. शिवाय शब्द पारंपरिक असले तरी एखाद्या गायकाच्या ध्वनिमुद्रणावर हक्क असतात, परवाना लागतो. सनईचा विचारही सोडला: तिची चमक वरच्या स्वरांत असते आणि मोबाइलची यंत्रणा बोलण्यासाठी घडवलेली, म्हणून लांब सूर कधी खरखरतो, कधी विरतो. शेवटी संतुराचे सुटे, संथ सूर खास वाजवून घेतले.

तपासणी स्टुडिओतल्या स्पीकरवर करून उपयोग नाही. मी साध्या मोबाइलवरून तो नंबर लावला, फोन ओट्यावर ठेवला, एक्झॉस्ट फॅन सुरू केला आणि आईंना विचारलं, ‘किती सूट म्हणाले?’ त्या म्हणाल्या, ‘पाचशेचे चारशे.’ टक्के त्यांना आठवले नाहीत.

24 तारखेला सकाळी पुन्हा फोन लावला. नेहमीचं साधं निवेदन वाजलं, सवलतीचं बंद झालं होतं. तेव्हा मी फाइल मिटवली.